एकादशी वेगळी, उपासमार वेगळी

आम्ही साखरखेर्ड्याच्या बचत गटातल्या बाया. आजचा विषय चारचौघींत कोणी काढत नाही. काढला तर एक तर हसण्यावारी जातो, नाही तर कोणी तरी म्हणतं, पोरीबाळी बसल्यात, गप्प बसा. विषय आहे ब्रह्मचर्याचा. म्हणजे शरीरसंबंधाशिवाय, लग्नाशिवाय किंवा दुसऱ्या लग्नाशिवाय राहण्याचा.

आपल्या गावाला हा शब्द नवा नाही. इथं पळसिद्ध महाराजांचा मठ आहे, प्रल्हाद महाराज रामदासींचं संस्थान आहे. संन्यासी, ब्रह्मचारी, वैरागी हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. पण हे शब्द आपण बहुतेक वेळा पुरुषांसाठीच वापरतो. बाई एकटी राहिली तर तिच्यासाठी आपल्याकडे दुसरे शब्द असतात.

हा विषय आमच्या मनात आला तो दोन प्रसंगांमुळे. आमच्या गटात एक बाई आहे. तिशी उलटायच्या आत नवरा गेला, पदरात एक लेक. त्याला आता सहा वर्षं झाली. आम्ही सगळ्या तिचं फार कौतुक करायचो. कशी देवासारखी राहते, मान वर करून बघत नाही, एवढ्या कमी वयात केवढं वैराग्य, असं तिच्या तोंडावर म्हणायचो. एका बैठकीत ती शांतपणे म्हणाली, "बाई, हे वैराग्य मी घेतलं नाई. मले कोणी इचारलंच नाई." त्यावर आमच्यातल्या एकीलाही बोलता आलं नाही.

त्याच महिन्यात दुसऱ्या एका घरची लेक आईला म्हणाली, मला लग्न करायचं नाही, कधीच नाही. शिकली आहे, कमावते आहे, भजनात रमते. तर तिच्या घरी रडारड. आत्या म्हणाली, बाहेरचं काही तरी लागलं असेल. मामा म्हणाला, एक स्थळ पाहा, सगळं सुरळीत होईल.

आम्ही विचार केला तेव्हा लक्षात आलं, की एकीवर न विचारता ब्रह्मचर्य लादलं आणि आम्ही त्याला वैराग्य म्हटलं. दुसरी ते स्वतः मागते आहे, तर तिला वेड म्हटलं. दोघींच्या बाबतीत एकच गोष्ट झाली नाही. तुला काय पाहिजे, हे कोणी विचारलं नाही.

हा फरक समजून घ्यायला आम्हाला आपल्या स्वयंपाकघरातलीच गोष्ट उपयोगी पडली. घरात दाणा नाही म्हणून उपाशी झोपणं वेगळं आणि एकादशी करणं वेगळं. पोट दोन्ही वेळा रिकामंच असतं. पण एकादशी आपण ठरवलेली असते, डबे भरलेले असतात, आजारी पडलो तर सोडता येते आणि दुसऱ्या दिवशी पारणं असतं. उपासमारीत यातलं काहीही नसतं. आणि तिसराही प्रकार आपल्याला माहीत आहे. एकादशी अन् दुप्पट खाशी. उपास धरलाय, पण सगळा दिवस मन उद्याच्या पुरणावर आणि चिडचिड पोरांवर.

हे तीनही प्रकार ब्रह्मचर्यात असतात. आता एकेक पाहू.

आधी उपासमारीचा प्रकार. यावर सगळ्यात धारदार लिहिलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या बाईनं. ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत होते, त्यांनी लेकीला घरीच शिकवलं. १८८१ साली गुजरातेत सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. तिला मूल झालं, लोकलाजेच्या भीतीनं तिनं ते मारलं, आणि कोर्टानं तिला फाशी सुनावली. पुढे फाशी रद्द होऊन शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांत बायांच्या जातीलाच नावं ठेवणं सुरू झालं. त्या रागातून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. १८८२ साली ते पुण्यात छापलं गेलं.

त्यांचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा तर असा. बायको मेली की पुरुष लगेच दुसरी आणतो आणि त्याला कोणी काही म्हणत नाही. नवरा मेला की बाईनं मात्र जन्मभर मन मारून बसायचं. मग ती घसरली तर दोष तिचा. तिला घसरवणारा पुरुष मात्र पंक्तीत जेवायला बसतो. ताराबाई नीती सोडा असं म्हणत नव्हत्या. नीती असेल तर ती दोघांना सारखी असावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्या काळात विधवेचा पुनर्विवाह कायद्यानं बंद नव्हता, हेही लक्षात घ्या. १८५६ सालीच तसा कायदा झाला होता. पण त्याच कायद्यात असं होतं, की बाईनं दुसरं लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जाईल. म्हणजे लग्न कर, पण घर आणि शेत सोड. दार उघडं ठेवलं आणि उंबऱ्यावर काटे टाकले. पदरात लेकरू असलेली बाई अशा दारातून कशी जाईल? मग ती घरातच राहते आणि लोक म्हणतात, किती संयमी बाई.

दडपण म्हणतात ते हे. यात इच्छा मेलेली नसते, तिचं नाव घ्यायची सोय नसते. अशी बाई स्वतःला आरशात बघायला कचरते. आमच्यातल्या म्हाताऱ्या बायांनी एक गोष्ट कबूल केली, ती तुम्हालाही पटेल. स्वतःवर लादलेलं माणूस पुढे दुसऱ्यावर लादतं. सुनेनं वेणीत फूल माळलं की सगळ्यात आधी बोलणारी बहुतेक तीच असते, जिचं फूल ऐन तरुणपणात हिसकावून घेतलेलं असतं.

आता दुसरी बाजू. बाईनं स्वतःहून, आनंदानं निवडलेलं ब्रह्मचर्य असतं का? असतं, आणि ते पाहायला फार लांब जायला नको. आपल्या विदर्भातच, वर्ध्याजवळ, धाम नदीच्या काठावर पवनार आहे. तिथं विनोबा भाव्यांनी २५ मार्च १९५९ रोजी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, खास बायांसाठी. तारीख मुद्दाम निवडली होती. १९१६ साली त्याच तारखेला विनोबांनी स्वतः ब्रह्माच्या शोधात घर सोडलं होतं.

पण या आश्रमाचं मूळ आम्हाला विनोबांच्या आईत दिसतं. रुक्मिणीबाई त्यांचं नाव. विनोबांनी दहाव्या वर्षीच ब्रह्मचारी राहायचं मनाशी ठरवलं होतं. जमिनीवर झोपायचं, पायात चपला घालायच्या नाहीत, असं पोराचं सगळं चाललेलं. आई ते बघायची. एकदा तिनं सुनावलं, विन्या, वैराग्याची सोंगं तू पुष्कळ करतोस, पण मी पुरुष असते ना, तर खरं वैराग्य कसं असतं ते दाखवलं असतं. हे आपण आपल्या शब्दांत सांगतोय, पण अर्थ हाच. विनोबांनी ही आठवण आयुष्यभर सांगितली. रुक्मिणीबाईंचे तीन लेक, विनोबा, बाळकोबा आणि शिवाजी, तिघेही ब्रह्मचारी राहिले. घर सोडून जायचं स्वातंत्र्य लेकांना मिळालं. त्या माउलीला मात्र तो रस्ता नव्हता. ती १९१८ साली गेली.

म्हणजे बळजबरी दोन बाजूंनी आहे. नवरा गेलेल्या बाईवर ब्रह्मचर्याची बळजबरी, आणि ब्रह्मचर्य मागणाऱ्या बाईवर संसाराची. रुक्मिणीबाईंनी संसार मन लावून केला, पण निवडायला त्यांच्यापुढे दुसरं काही नव्हतं. म्हणून विनोबा म्हणायचे, की बायांतून शंकराचार्यांसारखी ज्ञानी आणि विरक्त बाई उभी राहिली, की बायांची खरी मोकळीक सुरू होईल.

पवनारच्या आश्रमात मग काय केलं? निरनिराळ्या प्रांतांतून शिकलेल्या बाया आल्या. तिथं कोणी महंत नाही, गादी नाही. निर्णय घ्यायचा तर सगळ्यांची संमती लागते. एकीचंही मन तयार नसेल तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. आपल्या गटात बहुमतानं ठराव होतो, तिथं तसं चालत नाही. नोकरचाकर नाहीत. शेत, स्वयंपाक, झाडलोट हाताने आणि वाटून घेऊन. आणि त्याबरोबर प्रार्थना, अभ्यास, लिहिणं-छापणं.

आता तुम्ही म्हणाल, ब्रह्मचर्याचा आणि झाडलोटीचा काय संबंध? तोच तर मुख्य संबंध आहे. विनोबांचं म्हणणं असं, की ब्रह्मचर्य म्हणजे नुसतं ‘हे करू नको, ते करू नको’ नव्हे. ब्रह्म म्हणजे मोठं, विशाल. आयुष्यापुढे एखादी फार मोठी गोष्ट ठेवायची आणि सगळी ताकद तिकडे वळवायची. मग बाकीचं आपोआप मागे पडतं. शेताकडे पाणी न्यायचं तर दोन गोष्टी लागतात, बांध आणि पाट. नुसता बांध घातला आणि पाट काढलाच नाही, तर पाणी साचतं, कुजतं, नाही तर बांध फोडतं. दडपणात फक्त बांध असतो. स्वतः निवडलेल्या ब्रह्मचर्यात पाट आधी खणलेला असतो.

ही गोष्ट गीतेतही आहे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या जेलात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत असेल. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलंय, की उपाशी राहिलेल्या माणसाचे विषय सुटतात, पण गोडी सुटत नाही. ती गोडी सुटते मोठं काही दिसल्यावरच. आणि तिसऱ्या अध्यायात तर स्पष्ट म्हटलंय, की हातपाय आवरून बसायचं आणि मनात तेच घोळवत राहायचं, हे ढोंग आहे. म्हणजे नुसतं आवरून बसण्याला आपल्या शास्त्रानंही मोठेपणा दिलेला नाही.

इथं कोणी म्हणेल, मग विधवेनं दुसरं लग्न केलंच पाहिजे का? तसंही नाही. सातशे वर्षांपूर्वीची महदाइसा आठवा, मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात. तीही विधवा होती. चक्रधरस्वामींकडे आली, महानुभाव मार्गाला लागली. चक्रधर आपल्या मेहकर-लोणारलाही येऊन गेलेले. ती गप्प बसून माळ ओढणारी नव्हती. तिनं विचारलेले प्रश्न ‘लीळाचरित्रा’त जागोजागी आहेत. पुढे अमरावतीकडे ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत असताना तिनं धवळे रचले. वरून पाहिलं तर तीही बिननवऱ्याची आणि गावकुसातली पांढऱ्या लुगड्यातली बाईही बिननवऱ्याचीच. पण एकीनं आपली वाट धरली, दुसरीला कोपरा दाखवला. म्हणून एकट्या बाईकडे पाहून आपण लगेच काही ठरवू नये. ना ‘बिचारी’, ना ‘देवी’.

मग ओळखायचं कसं? आम्ही गटात बसून तीन प्रश्न काढले. ते दुसऱ्याच्या घरात डोकावण्यासाठी नाहीत. स्वतःला विचारायचे आहेत.

पहिला प्रश्न, हे ठरवलं कोणी? मी ठरवलं, की सासरच्यांनी, भावकीनं, गावाच्या नजरेनं? आणि मी ठरवलं असेल तर कशापोटी? इथं त्या लग्न नको म्हणणाऱ्या लेकीसारख्या मुलींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कधी कधी लग्न नको म्हणण्यामागे भीती असते. मोठ्या बहिणीला मारहाण झालेली पाहिलेली असते, बापाला हुंड्यापायी शेत विकताना पाहिलेलं असतं, कधी लहानपणी कोणी नको तो हात लावलेला असतो. त्या पोरीचं ‘नको’ खरंच आहे आणि ते ऐकलंच पाहिजे. पण ते ब्रह्मचर्य नव्हे, ती जखम आहे. तिला व्रताची नाही, आधी आधाराची गरज आहे. आणि जिला भीती नाही, फक्त दुसऱ्या गोष्टीची ओढ आहे, तिला वेळ द्या. स्थळं पाहणं वर्षभर बंद ठेवा, तिची कमाई तिच्या खात्यात राहू द्या. वर्षानंतरही ती तेच म्हणाली, तर तो तिचा निर्णय आहे.

दुसरा प्रश्न, दार उघडं आहे का? म्हणजे उद्या माझं मन बदललं, तर मला परत फिरता येईल का? घर, जमीन, लेकरू, इज्जत, यातलं काही न गमावता? ज्या व्रतातून बाहेर पडायला दार नाही, ती कोठडी. आणि हे दार बहुतेक वेळा सातबाऱ्यावर असतं. नवऱ्यानं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं त्याच्या मालमत्तेत बायको, मुलंमुली आणि त्याची आई यांचा सारखा हिस्सा असतो. बायकोला मिळालेला हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा. नंतर तिनं दुसरं लग्न केलं म्हणून तो काढून घेता येत नाही. १८५६ सालची ती अट आज नाही. पण हे तिला कोणी सांगत नाही, आणि वारसनोंदच केलेली नसते. तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला लावून अर्ज द्यायचा, फेरफारात आपलं नाव आलं की नाही ते स्वतः वाचून घ्यायचं. नाव लागल्यावर बाई एकटी राहिली, तर तिला स्वतःला तरी कळतं, की मी राहतेय ती मला राहायचं म्हणून.

तिसरा प्रश्न, पाट कुठे जातो? दिवसाचा वेळ, मनाची ताकद कशात जाते? काम, भजन, अभ्यास, लेकरं, गट, काहीही असो, त्यात जीव रमतो का? की सगळा दिवस स्वतःवर आणि दुसऱ्यांवर पहारा देण्यात जातो? ज्यानं खुशीनं सोडलंय त्याला दुसऱ्याच्या सुखाचा राग येत नाही. आपल्याला दुसरीची हिरवी बांगडी खुपत असेल, तर आपल्यातच काही तरी अडलंय, एवढं तरी मनाशी कबूल करावं.

संसारातल्या ब्रह्मचर्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण तो प्रश्न आपल्यातल्या पुष्कळ जणींचा आहे. काही घरी नवरा माळ घालतो, गुरू करतो आणि एक दिवस जाहीर करतो, आता मी ब्रह्मचारी. बायकोला विचारलंच नाही. काही घरी उलट. बाई दिवसभर राबून थकलेली, लेकरं मोठी झालेली, तिला आता नको असतं, पण ‘नको’ म्हटलं की भांडण. गांधीजींनी १९०६ साली हे व्रत घेतलं. त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितलंय, की व्रत घेण्याच्या वेळेपर्यंत कस्तुरबांशी ते त्यावर बोलले नव्हते. तेव्हा विचारलं आणि त्यांनी हरकत घेतली नाही. आम्ही यावर बराच वेळ बोललो. हरकत न घेणं आणि मनापासून हो म्हणणं, यात अंतर असतं. बाईला ते अंतर कळतं. म्हणून आमचं मत असं झालं, की नवरा-बायकोतलं व्रत दोघांनी मिळून धरावं, किती दिवस ते मिळून ठरवावं आणि एकाला जड झालं तर ते बोलायची मुभा असावी. आणि ज्या दिवशी बाई नको म्हणते, त्या दिवशी तिचं नको मानावं. त्याला व्रत असण्याची गरज नाही.

आता परत आमच्या गटातल्या बाईकडे. तिच्या त्या एका वाक्यानं आम्हाला लाज वाटली, कारण कौतुक करून करून आम्हीच तिच्या दाराला कडी घालत होतो. चुडा फोडताना आमच्यातल्याच दोघी हजर होत्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्यानंतर राज्य सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांनी तसं करावं असं सांगितलं. तो ठराव आम्ही गटात वाचून दाखवला. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावलं. पहिल्या वर्षी ती आली नाही. दुसऱ्या वर्षी आली, पण कुंकू लावून घेतलं नाही. म्हणाली, "तुमी बोलावलं, बरं वाटलं. कुंकू लावाचं का नाई, ते मी पायीन."

वारसनोंदीचं काम मात्र तिनं लगेच केलं. दोन चकरा झाल्या, कागद परत आला, तिसऱ्यांदा नाव लागलं. सातबारा घेऊन ती गटात आली तेव्हा आमच्यातली एक म्हातारी न राहवून म्हणाली, "मंग आता, माय, लगन करतं का अशीच राह्यतं?"

ती हसली. म्हणाली, "काकू, सहा वर्सात पयल्यांदा इचारलं कोणी. जरा इच्यार करू द्या ना."

तिचा विचार अजून चालू आहे. आम्ही पुन्हा विचारलेलं नाही. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल.